अवजारांच्या मांडणीला भिंत कोणती आहे?

अवजार बँक किंवा दुरुस्तीचं काम चालवणाऱ्या गटांकडून एक प्रश्न सारखा येतो. पाने, पकडी, हातोड्या, खुरपी टांगायला भिंतीवर लाकडी पट्ट्यांची मांडणी लावली, पण दोन महिन्यांत ती हलायला लागली. आता काय करायचं?

मी आधी विचारते, ताई, भिंत कसली आहे? कारण मांडणी सगळीकडे सारखीच असते, धरून ठेवते ती भिंत.

सोपी भिंत म्हणजे सिमेंटमधली विटांची. चार फूट रुंद, तीन फूट उंच मांडणी धरू. आधी भिंतीला दीड इंच जाडीच्या तीन उभ्या पट्ट्या बसवायच्या आणि त्यांच्यावर आडव्या आठ पट्ट्या, प्रत्येकी तीन इंच रुंद, मधे दीड इंच फट सोडून. उभ्या पट्ट्यांमुळे मागे जी दीड इंचाची पोकळी राहते तिचे दोन उपयोग आहेत. आकड्याची मागची शेपटी तिथे मावते. आणि वारा खेळतो. फळी थेट भिंतीला चिकटवली तर पावसाळ्यात ओल मागे अडकते, लाकडाला वाळवी लागते आणि अवजारं गंजतात. आकडे बाजारातून आणायची गरज नाही, लोहाराकडून सळईचे वाकवून घ्या. मागची शेपटी दोन इंच तरी ठेवा, नाहीतर अवजार काढताना आकडाही हातात येतो.

आता स्क्रू. दीड इंच लाकूड, अर्धा इंच गिलावा, आणि त्यापुढे विटेत दोन इंच, म्हणजे चार इंची स्क्रू लागतो. गिलावा काहीच धरत नाही, म्हणून प्लास्टिकची गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत गेली पाहिजे. प्रत्येक उभ्या पट्टीला तीन स्क्रू, एकूण नऊ. गिट्टीच्या पाकिटावर जी जाडी लिहिली असते तेवढ्याच जाडीचा स्क्रू घ्या. ड्रिल मारताना बाहेर पडणारी भुकटी बघा. पांढरट-करडी म्हणजे अजून गिलाव्यात आहोत, लाल आली की विटेत पोचलो. पुढेही करडीच येत राहिली तर आपण विटांच्या सांध्यात शिरलोय, दोन इंच सरकून दुसरं भोक पाडा. भोकातली भुकटी काढून मगच गिट्टी बसवा. स्क्रू पिळताना गिट्टी सोबत फिरायला लागली तर ते भोक सोडून द्या. काडी कोंबून घट्ट केलेलं दिसतं, टिकत नाही.

वजनाचं लोकांना भय असतं, पण मला अंतराचं जास्त वाटतं. समजा मांडणीवर छत्तीस किलो अवजारं भिंतीपासून चार इंचांवर टांगली, तर वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारा जोर साधारण चार किलोचा असतो. तेच वजन एक फूट पुढे आलं, तर बारा किलोचा. म्हणून लांब आकडे नकोत, आणि फवारणीचा पंप भरून तर टांगूच नका, तो खाली जमिनीवर बरा.

खरी अडचण आपल्या जुन्या घरांत आहे. दगड-मातीची भिंत जाडजूड दिसते, पण ती बहुधा दोन पदरांची असते, मधे मातीचा आणि खड्यांचा भराव. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात आपल्या जिल्ह्यातल्या उमरगा, लोहारा भागात अशाच भिंतींचे पदर सुटून घरं कोसळली. अशा भिंतीत ड्रिल मारलं की माती झरते, दगड ढिला होतो आणि गिट्टीला धरायला काही राहत नाही. तिथे माझं स्पष्ट मत आहे, भिंतीला हातच लावू नका. उभ्या पट्ट्यांऐवजी जाड खांब घ्या, ते जमिनीवर सपाट दगडांवर उभे करा, म्हणजे वजन जमिनीवर जाईल. वरचं टोक तुळईला लोखंडी कोनपट्टीने आणि बोल्टाने बांधा, ते नुसतं पुढे पडू नये म्हणून. त्याआधी तुळईत पेचकस टोचून बघा. तो सहज आत शिरला तर लाकूड कुजलंय, सुताराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. भिंत आणि खांब यांत दीड-दोन इंच फट असू द्या.

पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याला स्क्रू कधीच नको, तो वाऱ्याने थरथरतो आणि भोक मोठं होत जातं. पट्ट्या मागच्या लोखंडी अँगलला यू-बोल्टने बांधा, नटाखाली वॉशर घालून.

काम झालं की उभ्या पट्टीच्या कडेने भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ मारा. अवजारं टांगून आठ दिवसांनी बघा. रेघ आणि पट्टी यांत अंतर पडलं असेल किंवा पट्टीच्या वरच्या टोकाशी भिंतीपासून फट दिसत असेल, तर त्याच दिवशी अवजारं उतरवून ठेवा. खांबांच्या मांडणीत वरचा बोल्ट आणि शेडमध्ये यू-बोल्टचे नट हाताने हलवून बघा. आणि पहिला मोठा पाऊस झाल्यावर हे सगळं परत एकदा तपासा, कारण लाकूड फुगतं आणि सुकताना स्क्रू सैल पडतात.