खरेदी ते अदायगी चक्र

खरेदी ते अदायगी चक्र (प्रोक्युअर टू पे) म्हणजे एखाद्या संस्थेत वस्तूची गरज नोंदवण्यापासून पुरवठादाराला पैसे चुकते होईपर्यंतची कार्यपद्धती होय. खरेदी आदेश, आवक नोंद आणि बीजक या तीन कागदपत्रांची अदायगीपूर्वी होणारी पडताळणी 'त्रिपक्षीय जुळणी' (थ्री-वे मॅचिंग) म्हणून ओळखली जाते. कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींमधील फाउंड्रींमध्ये पिग आयर्न व भंगार वजनावर विकत घेतले जाते. त्यामुळे तेथे या जुळणीत वजनाला विशेष महत्त्व असते.

## टप्पे

साठा ठरावीक पातळीखाली गेला की भांडार किंवा वितळण विभाग मागणीपत्र (इंडेंट) भरतो. ते मंजूर झाल्यावर खरेदी विभाग दरपत्रके मागवतो आणि निवडलेल्या पुरवठादाराला खरेदी आदेश देतो. त्यात प्रत, परिमाण, दर, कर आणि अदायगीची मुदत नमूद असते.

माल आल्यावर प्रवेशद्वारावर त्याची नोंद होते. भरलेल्या ट्रकचे वजन काट्यावर केले जाते, आणि माल उतरल्यानंतर रिकाम्या ट्रकचे. दोन्हींतील फरक हे निव्वळ वजन असते. त्यावरून भांडार विभाग आवक नोंद (जीआरएन) तयार करतो. पुरवठादाराचे बीजक लेखा विभागाकडे जाते. जुळणी झाल्यावर ते मंजूर होते आणि देय तारखेला रक्कम पाठवली जाते.

## त्रिपक्षीय जुळणी

काय मागवले आणि कोणत्या दराने, हे खरेदी आदेश सांगतो. प्रत्यक्षात काय मिळाले हे आवक नोंद सांगते, तर पुरवठादार कशाचे पैसे मागतो हे बीजकावरून कळते. केवळ आदेश आणि बीजक ताडून पाहिल्यास दरातील फरक सापडतो. कमी आलेला माल मात्र सापडत नाही. तो आवक नोंदीमुळेच उघड होतो.

उदाहरणादाखल, एका फाउंड्रीने ४२,००० रुपये प्रति टन दराने २० टन पिग आयर्नचा आदेश दिला, असे समजू. काट्यावर निव्वळ वजन १९.६४० टन भरले. बीजकात मात्र २० टन माल आणि ४२,५०० रुपये दर लावलेला आहे. करपूर्व हिशेब असा होतो :

* बीजकाची रक्कम : २० × ४२,५०० = ८,५०,००० रुपये
* देय रक्कम : १९.६४० × ४२,००० = ८,२४,८८० रुपये
* जादा आकारणी : २५,१२० रुपये

यांपैकी १५,३०० रुपये न मिळालेल्या ३६० किलो मालाचे आहेत, तर ९,८२० रुपये मिळालेल्या मालावरील वाढीव दराचे. दोन काट्यांच्या वजनांत थोडा फरक पडतोच, म्हणून कारखाने काही सूट ठरवतात. येथे ती अर्धा टक्का, म्हणजे १०० किलो मानली, तरी ३६० किलोंची तूट तिच्या बाहेर जाते. अशा वेळी बीजक रोखले जाते. वजनातील तूट भांडार विभागाकडून, तर दरवाढ खरेदी विभागाकडून तपासली जाते. फरक मान्य झाल्यास पुरवठादार तेवढ्या रकमेची जमा चिठ्ठी (क्रेडिट नोट) देतो.

## कालमर्यादा

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उपक्रम असल्यास २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार अदायगीची ठरलेली मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे मानले जाते. त्यामुळे बीजक नुसते अडवून ठेवणे पुरेसे नसते. तफावत पुरवठादाराला वेळेत लेखी कळवावी लागते.

## मर्यादा

तिन्ही कागदपत्रे स्वतंत्रपणे तयार झाली असतील, तरच जुळणीला अर्थ राहतो. काट्याच्या चिठ्ठीऐवजी पुरवठादाराच्या चलनावरील वजन पाहून आवक नोंद भरल्यास कागद तंतोतंत जुळतात, पण तूट लपते. वेगवेगळ्या गाड्यांच्या नोंदी सातत्याने चलनाशी किलोपर्यंत जुळत असतील, तर असे होत असल्याची शंका घ्यावी लागते. रिकाम्या ट्रकचे वजन न करता जुनाच आकडा वापरल्यानेही निव्वळ वजन चुकते.

आदेशातच चढा दर लिहिला असल्यास तो या जुळणीत सापडत नाही. त्यासाठी दरपत्रके तपासावी लागतात. पिग आयर्नमधील सिलिकॉन वा गंधकाचे प्रमाणही वजनावरून कळत नाही. म्हणून काही कारखाने प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल चौथे कागदपत्र म्हणून जोडतात. एकच बीजक दोनदा आल्यास ते ओळखण्यासाठी प्रत्येक जुळणीनंतर आवक नोंदीतील तेवढे परिमाण 'बीजक झालेले' म्हणून वजा करावे लागते. तसे केल्यास दुसऱ्या बीजकासमोर जुळवण्यासाठी माल शिल्लक राहत नाही.