बॅकअप होता, वाली नव्हता

३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक अभियंता डेटाबेसची दुरुस्ती करत होता. गिटलॅबवर जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. मुख्य डेटाबेस एका सर्व्हरवर आणि त्याची सतत अद्ययावत होत राहणारी प्रत दुसऱ्यावर, अशी तिथली व्यवस्था होती. त्या दिवशी ताण वाढल्यामुळे प्रत मागे पडली होती. ती नव्याने उभारायची म्हणून दुसऱ्या सर्व्हरवरचा जुना डेटा पुसायचा होता. त्याने `rm -rf` ही आज्ञा दिली आणि एक-दोन सेकंदांतच त्याच्या लक्षात आलं, की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला होता.

संकेतस्थळ परत उभं राहायला जवळपास १८ तास लागले. सुमारे सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. लोकांचा कोड वेगळ्या जागी असल्याने तो वाचला. तपास पूर्ण झाल्यावर, १० फेब्रुवारीला, कंपनीने आपला अंतिम अहवाल सर्वांसाठी खुला केला. संगणक क्षेत्रात अशा अहवालाला ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. असा अहवाल कसा लिहावा हे शिकायला मला हा नमुना फार मोलाचा वाटतो.

‘अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली’ एवढा निष्कर्ष लिहून फाईल बंद करता आली असती. तो खोटाही ठरला नसता. पण या अहवालात अभियंत्याचं नाव नाही, तो फक्त ‘टीम मेंबर १’ आहे. आणि चौकशी त्याच्यापाशी थांबत नाही; दर उत्तराला पुन्हा ‘का?’ विचारत ती पुढे जाते.

डेटा पुसला गेला, पण बॅकअपवरून तो परत का आणता आला नाही? कारण रोजचा बॅकअप जिथे साठायचा ती जागाच रिकामी निघाली. ती रिकामी का? बॅकअप घेणारा `pg_dump` हा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि डेटाबेस होता ९.६चा. आवृत्त्या जुळत नसल्याने प्रोग्राम दरवेळी चूक दाखवून बंद पडायचा. मग हे कोणाला कळलं कसं नाही? बिघाडाची सूचना ईमेलने जात होती, पण त्या ईमेलवर आवश्यक ती डिजिटल स्वाक्षरी नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. बॅकअपवरून डेटा खरंच परत उभा राहतो का, हे कोणी नियमित तपासत का नव्हतं? कारण ते काम कोणा एकाचं म्हणून नेमलेलंच नव्हतं.

माझ्या मते अहवालाचा खरा निष्कर्ष इथे येतो. त्या अभियंत्याला कामावरून काढलं असतं तरी बॅकअपची जागा रिकामीच राहिली असती, आणि ते कोणाला कळलंही नसतं.

अहवालाने आणखी एक गोष्ट लपवली नाही. जो डेटा परत मिळाला तो योगायोगाने. चाचणीच्या सर्व्हरसाठी हवी म्हणून एका अभियंत्याने सुमारे सहा तास आधी डेटाबेसची एक प्रत हाताने घेतली होती. एरवी अशी प्रत २४ तासांतून एकदाच घेतली जायची. ती नसती तर नुकसान कितीतरी वाढलं असतं. पुष्कळ अहवालांत अशी गोष्ट ‘आमच्या तत्पर यंत्रणेमुळे’ या शब्दांखाली दडते आणि मग पुढच्या वेळीही यंत्रणा वाचवेल असं सगळे धरून चालतात. इथे वाचवणारी यंत्रणा नव्हतीच, हे साफ लिहिलं गेलं म्हणूनच ती प्रत दर तासाला घ्यायचं ठरलं.

निर्णय लिहितानाच बहुतेक अहवाल ढिले पडतात. ‘यापुढे अधिक दक्षता घ्यावी’ असं लिहिलं, तर ती घेतली गेली की नाही हे सहा महिन्यांनी कसं तपासणार? गिटलॅबने प्रत्येक निर्णय कामाच्या नोंदवहीतल्या स्वतंत्र क्रमांकाशी जोडला, म्हणजे तो पुरा झाला की रखडला हे कोणालाही पाहता यावं. आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे पडद्यावर आज्ञा टाइप करण्याच्या ओळीतच ठळक दिसावं, हा एक निर्णय. तो थेट त्या रात्रीच्या चुकीवरचा. बॅकअप झाला नाही तर देखरेख यंत्रणेत ते दिसावं, हा दुसरा. नाकारल्या गेलेल्या ईमेलवरचा. बॅकअपवरून डेटाबेस परत उभारण्याची चाचणी आपोआप होत राहावी, हाही त्यातलाच.

आणि डेटा टिकवण्याच्या कामाला एक जबाबदार माणूस नेमायचा, हेही त्या निर्णयांत स्वतःच्या क्रमांकासह नोंदवलं गेलं.