पेजवरचा ग्राहक वेबसाइटवर नेताना

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या पेजवर जमलेले फॉलोअर्स उचलून स्वतःच्या वेबसाइटवर नेऊन ठेवता येत नाहीत. मागणी केली तर इन्स्टाग्रामवरून खात्याची माहिती उतरवून घेता येते आणि तीत फॉलोअर्सची यादीही मिळते. पण त्या यादीत खात्यांची नावे असतात, कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता नसतो. वेबसाइटवर नेता येतो तो व्यवहार: मालाची निवड, पत्ता, पैसे, पावती. गप्पा, फोटो, व्हिडिओ आणि कौतुक पेजवरच राहते, आणि ते तिथेच राहायला हवे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की फॉलोअर्स गळू लागतात. वेबसाइट सुरू झाल्याच्या उत्साहात पेजवर रोज ‘वेबसाइटला भेट द्या’ एवढेच येऊ लागते, मेसेजला उत्तरे मिळेनाशी होतात, आणि ज्या कारणाने लोक पेज पाहत होते ते कारणच उरत नाही.

तरीही व्यवहार हलवण्याला सबळ कारण आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा तिथे वर्षानुवर्षे जमवलेला प्रेक्षक एका आदेशाने हातचा गेला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास एकदमच बंद पडले. आणि काहीही बंद पडले नाही तरी पोस्ट किती जणांना दिसावी हे पेजचा मालक ठरवत नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना अग्रक्रम देण्याचे जाहीर केले, तेव्हा धंद्याची पेजेस आपोआप मागे ढकलली गेली.

हे स्थलांतर प्रत्यक्ष कसे करावे हे देवगडच्या एखाद्या हापूस बागायतदाराच्या उदाहरणावरून नीट समजते, कारण त्याच्या धंद्यात हंगाम छोटा आणि घाई मोठी असते. समजा, त्याच्या इन्स्टाग्राम पेजवर १८,००० फॉलोअर्स आहेत. मार्च ते मे या काळात दिवसाला शंभरभर मेसेज येतात: ‘पेटी कशी दिली?’, ‘पुण्याला पाठवाल का?’, ‘पैसे पाठवलेत, बघा.’ पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट एका फोनवर, पत्ता दुसऱ्या फोनवर, आणि कोणाला कोणत्या आकाराचा आंबा हवा ते वहीत. मागच्या हंगामात त्याच्या ४०० ग्राहकांनी मिळून ६५० पेट्या घेतल्या, असे धरू. १८,००० आणि ४०० या दोन आकड्यांतले अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. वेबसाइटवर आधी आणायचे आहेत ते हे ४००.

त्यांची नावे मिळवायला इन्स्टाग्रामची गरजच पडत नाही. कुरिअरच्या पावत्या, यूपीआयचे जुने व्यवहार आणि वही यांत ती आधीपासून आहेत. झाडांना मोहोर येतो त्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, बागायतदाराच्या हाताला जरा उसंत असते. यादी आणि वेबसाइट दोन्ही तेव्हाच तयार व्हायला हवी. ऐन एप्रिलमध्ये नवी पद्धत सुरू केली तर जुनीही कोलमडते. मग फेब्रुवारीत या जुन्या ग्राहकांना एकेक करून व्हॉट्सॲपवर कळवायचे की पहिल्या तोडीच्या पेट्यांची नोंदणी त्यांच्यासाठी आधी खुली आहे, आणि सोबत थेट नोंदणीच्या पानाचा दुवा द्यायचा. या लोकांचा विक्रेत्यावर विश्वास बसलेला असतो, त्यामुळे नव्या वेबसाइटवर पैसे भरताना ते फारसे बिचकत नाहीत. शिवाय कुठे काही अडले तर ते रागावून निघून जात नाहीत, फोन करून सांगतात. वेबसाइटची खरी चाचणी अशीच होते.

सर्वांत जास्त अडते ते पैशांपाशी, आणि त्याचे कारण बऱ्याच विक्रेत्यांच्या लक्षात येत नाही. इन्स्टाग्रामवरच्या दुव्यावर बोट ठेवले की पान फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये न उघडता इन्स्टाग्रामच्याच आत असलेल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे ग्राहकाचे आधीचे लॉगिन नसते, त्याने पूर्वी भरलेला पत्ता आपोआप येत नाही, आणि काही फोनवर पैसे भरण्याचे बटण दाबले तरी यूपीआयचे ॲप उघडतच नाही. विक्रेता स्वतः संगणकावर किंवा नेहमीच्या ब्राउझरमध्ये तपासतो, त्याला सगळे सुरळीत दिसते. म्हणून चाचणी दोन-तीन वेगवेगळ्या साध्या फोनवर, इन्स्टाग्रामच्या आतूनच, खरे पैसे भरून करावी. यूपीआय ॲपच्या बटणाबरोबरच कार्डाने पैसे भरण्याची सोय हवी. नुसता क्यूआर कोड दाखवून भागत नाही. ज्या फोनवर कोड दिसतो आहे त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? आणि खाते उघडल्याशिवाय खरेदीच होणार नाही अशी अट तर ठेवूच नये. आंब्याच्या एका पेटीसाठी नवा पासवर्ड तयार करायला कोणी थांबत नाही.

दुसरी पायरी मेसेजमध्ये भाव विचारणाऱ्यांची. इथे मोह असतो तो प्रत्येकाला दुवा चिकटवून मोकळे होण्याचा. ‘पेटी कशी दिली?’ या प्रश्नाला नुसता दुवा आला तर विचारणाऱ्याला ते तोडून बोलल्यासारखे वाटते आणि तो दुसऱ्या पेजकडे वळतो. आधी उत्तर, मग दुवा, हा क्रम चुकवू नये. उदाहरणार्थ: ‘ताई, पाच डझनांची पेटी ३,५०० रुपये, पुण्यात घरपोच. फळ साधारण २०० ते २५० ग्रॅमचे. १२ तारखेच्या तोडीच्या पेट्या शिल्लक आहेत. इथे पिनकोड टाकलात की तुमच्याकडे कोणत्या दिवशी पोचेल ते दिसेल.’ यात भाव कळला, वजन कळले, आणि दुव्यावर जाण्याचे कारणही मिळाले: तारीख तिथेच कळते. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात अशी ठरलेली उत्तरे साठवून ठेवता येतात, त्यामुळे ती दर वेळी लिहावी लागत नाहीत. मात्र मेसेजमध्ये सांगितलेला भाव आणि वेबसाइटवरचा शेवटचा आकडा एकच असला पाहिजे. ३,५०० सांगून पैसे भरायच्या पानावर वाहतूक खर्चाचे २५० वाढलेले दिसले, तर ग्राहक पुन्हा मेसेजमध्ये घासाघीस करायला येतो, आणि पुढच्या वेळी वेबसाइटकडे फिरकत नाही.

काही जण काहीही केले तरी वेबसाइटवर जाणार नाहीत. वयस्कर ग्राहक ‘तूच लिहून घे रे’ म्हणतील. त्यांची मागणी नाकारू नये, पण ती विक्रेत्याने स्वतः वेबसाइटवर नोंदवावी आणि त्यांना फक्त पैसे भरण्याचा दुवा पाठवावा. ही शिस्त पाळली नाही की नोंद दोन ठिकाणी होते: वेबसाइटवर शेवटची पेटी शिल्लक दिसते, ती मेसेजमध्ये आधीच विकलेली असते, आणि दोघांपैकी एकाचे पैसे परत करावे लागतात. मागणी कोणत्याही वाटेने आली तरी वही एकच हवी.

तिसरी पायरी उरलेल्या हजारो बघणाऱ्यांची. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरात लिहिलेल्या पत्त्यावर बोट ठेवून तो उघडत नाही. दुवा चालतो तो खात्याच्या परिचयात आणि स्टोरीवर. स्टोरीवरच्या दुव्याची सोय २०२१ पासून लहान खात्यांनाही मिळाली आणि परिचयात पाचपर्यंत दुवे २०२३ पासून देता येतात. पाच देता येतात म्हणून पाच देऊ नयेत. हंगामात एकच दुवा ठेवावा, आणि तो वेबसाइटच्या मुखपृष्ठाचा नव्हे, थेट पेटीच्या पानाचा असावा. पेजवरच्या बाकीच्या गोष्टी पूर्वीसारख्याच चालू ठेवाव्यात: मोहोराचे फोटो, अवकाळी पावसात बागेचे काय झाले, आढीत आंबा कसा पिकवायचा. मात्र ज्या गोष्टी पेजवर काही दिवसांत खाली गडप होतात, त्या वेबसाइटवर कायमच्या मांडाव्यात. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; बागायतदाराने त्याखाली नोंदणी केली असेल तर त्याचे प्रमाणपत्र, बागेचे ठिकाण, फळ खराब निघाल्यास काय भरपाई मिळेल, हे सगळे तिथे असावे. विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क देणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारकही आहे. देवगडच्या नावाखाली भलताच आंबा खपवला जातो हे ग्राहकाला माहीत असते. दुबईत बसून ठाण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवणाऱ्याला तर ही माहिती फारच हवी असते. पैसे भरणारा आणि पेटी घेणारा यांचे पत्ते वेगळे देण्याची सोय त्याच्यासाठीच असते, आणि परदेशी कार्ड चालण्यासाठी पेमेंट गेटवेकडून वेगळी परवानगी आधीच घ्यावी लागते.

कोण कुठून आले हे कळण्यासाठी प्रत्येक ठिकाणच्या दुव्याला वेगळी शेपटी जोडतात. परिचयातल्या दुव्याला अशी:

```
https://example.in/hapus?utm_source=instagram&utm_medium=bio
```

स्टोरीसाठी शेवटचा शब्द `story`, मेसेजसाठी `dm`. वेबसाइटच्या आकडेवारीत मग हे तीन प्रवाह वेगळे दिसतात. समजा, आठवड्यात परिचयातून ३०० जण आले, ६० जणांनी पेटी निवडली आणि ९ जणांनीच पैसे भरले. येणाऱ्यांची इथे वाण नाही; गळती पेटी निवडल्यानंतरची आहे, म्हणजे वाहतूक खर्च किंवा पैसे भरण्याचे पान तपासायला हवे. उलट ३०० पैकी ८ जणांनीच पेटी निवडली असेल, तर पानावर भाव, वजन किंवा तारीख स्पष्ट नाही. फॉलोअर्सची गळती यापासून वेगळी पाहावी. सोडून जाणाऱ्यांची संख्या इन्स्टाग्राम दाखवतो. ती विक्रीच्या पोस्टनंतरच वाढत असेल तर विक्रीच्या पोस्ट कमी करून बागेच्या पोस्ट वाढवाव्यात. हंगाम संपल्यावर थोडे जण जातातच, त्याने घाबरून जायचे कारण नाही.

या सगळ्यातून हाती येते ती ग्राहकांची स्वतःची यादी, आणि तिलाही मर्यादा आहेत. व्हॉट्सॲपच्या एका प्रसारण यादीत २५६ जण मावतात, आणि ज्यांनी विक्रेत्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणून पेटीत एक चिठ्ठी टाकावी: नंबर सेव्ह करा, पुढच्या तोडीची तारीख कळेल. पेटी पोचवण्यासाठी घेतलेला नंबर जाहिरातीसाठी वापरायचा तर वेगळी संमती हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे. नोंदणीच्या पानावर त्यासाठी वेगळी चौकट ठेवावी आणि ती आधीच खूण केलेली नसावी.

जूनमध्ये पेट्या संपल्यावर हंगामाचे पान काढून टाकण्याची चूक सर्रास होते. त्या पानाचा पत्ता तोवर शेकडो मेसेजमध्ये आणि जपून ठेवलेल्या स्टोरीत गेलेला असतो, कोणी तो आपल्या बहिणीला पाठवलेला असतो, गुगलनेही तो नोंदवलेला असतो. पान तिथेच ठेवावे, पत्त्यात वर्ष घालू नये, आणि पेटीच्या बटणाच्या जागी पुढच्या हंगामासाठी नाव आणि नंबर घेण्याची चौकट लावावी. फेब्रुवारीत त्याच पत्त्यावर पुन्हा भाव आणि तारखा येतात.