उंची कोणती, तिरकस बाजू कोणती?

बालभारतीच्या आठवीच्या गणितात समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ ‘पाया × उंची’ असे काढतात. पाया 10 सेमी, तिरकस बाजू 5 सेमी आणि पायावरचा लंब 4 सेमी असेल, तर क्षेत्रफळ 40 चौसेमी येते, 50 नव्हे. लंबावर कापलेला डावीकडचा त्रिकोण उजवीकडे जोडला, की 10 × 4 चा आयत तयार होतो. त्यात 5 सेमीची बाजू कुठेच उरत नाही.

त्रिकोणात याच गुणाकाराचे निम्मे घेतात. विशालकोन त्रिकोणात लंब पाया वाढवून बाहेर पडू शकतो. समलंब चौकोनात उंची म्हणजे समांतर बाजूंमधील लंबांतर. आकृतीत काटकोनाची खूण असलेली लांबीच घ्यावी. लंब तिरकस बाजूपेक्षा नेहमी लहानच असतो.