म्यूट केलं तर तिला कळतं का?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपल्यावर एक बाई मागे थांबली. चाकणच्या एमआयडीसीत सुट्या भागांच्या कंपनीत ती पॅकिंगला जाते आणि राहते खेड तालुक्यातल्या एका गावात. तिने मोबाईल माझ्या हातात दिला. म्हणाली, "ताई, हिला काढून टाकू का? पण तिला कळलं तर?"

"ही" म्हणजे तिची धाकटी जाऊ. ती भोसरीला राहते आणि तिला सहा महिन्यांचं बाळ आहे. आमच्या या मैत्रिणीचा मात्र चौथ्या महिन्यात गर्भपात झालेला. जाऊ रोज इन्स्टाग्रामवर बाळाच्या दहा-दहा स्टोऱ्या टाकते. बारसं, उष्टावण, अंगठा चोखणं, सगळं. जावेशी भांडण काहीच नाही. पण सेकंड शिफ्टहून घरी येऊन मोबाईल उघडला, की आधी तेच समोर. ते बघवत नाही, आणि तसं बोलायचंही नाही.

अशा वेळी हाताशी दोन वाटा असतात. एक अनफॉलो, दुसरी म्यूट. दोन्हींचा फरक नीट कळला तर नाती वाचतात, म्हणून आजचं बोलणं त्यावर.

अनफॉलो म्हणजे तुम्ही तिच्या मागे येणं बंद करता. तिच्या फॉलोअर्सच्या यादीतून तुमचं नाव निघतं आणि आकडा एकाने कमी होतो. इन्स्टाग्राम तिला "अमकीने तुम्हाला सोडलं" असा निरोप पाठवत नाही. पण यादी तिच्या हातात असते. ती उघडून तुमचं नाव शोधलं की नाही हे लगेच कळतं. ती तुमच्या मागे असेल तर तशीच राहते, म्हणजे तोडलं ते एकाच बाजूने, हेही तिला दिसतं.

आणि एक अडचण. या जावेचं खातं प्रायव्हेट होतं, म्हणजे तिने होकार दिलेल्यांनाच तिचं दिसतं. अशा खात्याला अनफॉलो केलं की त्यातलं सगळं तुम्हाला बंद. पुढे मन शांत झाल्यावर परत जोडायचं म्हटलं, तर नव्याने विनंती पाठवावी लागते. ती विनंती तिच्या मोबाईलवर जाते. म्हणजे सोडताना कळलं नसलं तरी परत येताना नक्की कळतं.

म्यूटचं तसं नाही. म्यूट म्हणजे घराला कडी लावणं नव्हे, आपल्या बाजूची खिडकी ओढून घेणं. तुमचं नाव तिच्या यादीत तसंच राहतं, आकडा हलत नाही, तिला कसलाही निरोप जात नाही. तिचं टाकलेलं फक्त तुमच्यासमोर आपोआप येत नाही. तिच्या पानावर तुम्ही स्वतः गेलात तर सगळं दिसतं. तिने पाठवलेला मेसेजही तुम्हाला येतोच. आणि तुम्ही टाकलेलं तिला पहिल्यासारखंच दिसत राहतं.

कसं करायचं ते ऐका. तिच्या पानावर जा. तिथे Following असं लिहिलेलं बटण असतं, ते दाबा. खाली यादी उघडते, त्यात Mute निवडा. मग Posts आणि Stories अशी वेगवेगळी बटणं येतात. हवं तेवढंच सरकवा. याच यादीत Unfollow सुद्धा असतं, म्हणून घाईने बोट लावू नका. नुसती स्टोरी बंद करायची असेल तर अजून सोपं. वरच्या ओळीत तिच्या गोल फोटोवर बोट दाबून धरा, Mute दिसेल.

हे वेगवेगळं करता येणं कामाचं आहे. स्टोरी 24 तासांत जाते, ती रोजची. पोस्ट राहते, आणि घरात लग्न ठरलं किंवा कुणी गेलं तर ती बातमी बरेचदा पोस्टमध्ये येते. आम्ही आधी फक्त स्टोऱ्या बंद केल्या. चार दिवसांनी ती म्हणाली, पोस्टमध्येही बाळच असतं. मग तेही बंद केलं. पण मी तिला एक सांगितलं, दर रविवारी सासूबाईंना फोन करायचा. नाहीतर घरातली खबर चुकायची आणि "हिला कशाचंच काही नाही" असं व्हायचं.

आता मूळ प्रश्न. जावेला कळलं का? इन्स्टाग्रामने सांगितलं नाही. पण तीन आठवड्यांनी जावेने फोनवर विचारलं, "ताई, हल्ली माझी स्टोरी बघत नाही का तुम्ही?" कारण स्टोरी टाकणारीला ती कोणी कोणी बघितली त्यांची नावं दिसतात. रोज असणारं नाव दिसेनासं झालं. यावरून म्यूट केलं हे सिद्ध होत नाही. मोबाईल बंद असेल, रिचार्ज संपला असेल, कामाचा ताण असेल. पण नाव नाही, एवढं दिसतंच. आणि उलटंही लक्षात ठेवा. म्यूट असताना तुम्ही तिच्या पानावर जाऊन स्टोरी उघडलीत, तर तुमचं नाव त्या यादीत येतं.

आमच्या मैत्रिणीने त्या दिवशी सबब सांगितली नाही. म्हणाली, "अगं, बाळ गोड आहे, पण मला अजून बघवत नाही." पलीकडे जाऊ थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला वाटेल तेव्हा बघा." अनफॉलो केलं असतं तर हाच फोन कसा झाला असता, याचा विचार करा.

व्हॉट्सॲपवरही स्टेटस म्यूट करता येतं. कुणाच्या स्टेटसवर बोट दाबून धरलं की ते येतं. तिथेही निरोप जात नाही, तिथेही बघणाऱ्यांची नावं टाकणारीला दिसतात. फेसबुकवर मात्र एक गोंधळ होतो. तिथल्या Unfollow चा अर्थ इन्स्टाग्रामसारखा नाही. मैत्री राहते, फक्त पोस्ट समोर येत नाहीत. म्हणजे ते नावाने अनफॉलो आणि कामाने म्यूट. तिथे 30 दिवसांपुरतं थांबवायची सोयही आहे. मुदत संपली की पोस्ट आपोआप सुरू होतात. इन्स्टाग्रामवरचं म्यूट मात्र तुम्ही स्वतः काढेपर्यंत राहतं. काढायचं तिथूनच, जिथून लावलं.

दोन गोष्टी सांभाळा. "तुम्हाला कोणी सोडलं ते सांगतो" म्हणणारी ॲप मिळतात. ती तुमचा पासवर्ड मागतात. देऊ नका, खातंच हातचं जाईल. आणि कुणी घाणेरडे मेसेज पाठवत असेल, तर म्यूट उपयोगाचं नाही. म्यूटने तो माणूस थांबत नाही, तुमचे फोटोही त्याला दिसत राहतात. तिथे ब्लॉकच करायचं. आणि आधी मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे.

आमच्या मैत्रिणीने दिवाळीत पोस्टचं म्यूट काढलं. स्टोऱ्यांचं अजून ठेवलंय. घाई नाही म्हणते.