ब्रँडेड कॉम्प्युटर घ्यायचा की असेंबल करायचा? ईश्वरपुरात बिघाड झाला की खरा फरक कळतो

समजा, वाळवा तालुक्यातल्या ईश्वरपुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं एक छोटं दुकान आहे. जून महिना आहे, प्रवेशाचे दिवस आहेत, दारात पोरांची रांग आहे. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता लाइट जाते, पाच मिनिटांनी येते आणि कॉम्प्युटर काही चालू होत नाही. बटण दाबलं तर पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही.

कॉम्प्युटर असा एकदम गप्प झाला की पहिला संशय एसएमपीएसवर जातो. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या बाजूला असलेला तो पत्र्याचा डबा, जो घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आतल्या पार्टना देतो.

आता हाच बिघाड दोन वेगवेगळ्या कॉम्प्युटरमध्ये झाला तर पुढे काय होतं ते पाहू. ब्रँडेड घ्यायचा की गावातल्या डीलरकडून असेंबल करून घ्यायचा, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच मिळतं.

आधी असेंबल केलेला कॉम्प्युटर

दुकानदार डीलरला फोन करतो. डीलर पोरगा पाठवतो किंवा कॅबिनेट दुकानात घेऊन यायला सांगतो. तिथे तो दुसरा चालू एसएमपीएस लावून बघतो. कॉम्प्युटर सुरू झाला, म्हणजे दोष सापडला.

हे इतकं सोपं असतं, कारण असेंबल कॉम्प्युटरमधले पार्ट ठरलेल्या मापाचे असतात. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं एक माप ठरवलं. मदरबोर्डला भोकं कुठे असावीत, एसएमपीएस किती मोठा असावा, वायरीच्या टोकाचा कनेक्टर कसा असावा, हे सगळं त्यात आलं. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या, पण मूळ चौकट तीच राहिली. त्यामुळे एका कंपनीचा एसएमपीएस दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डला चालतो आणि तो गावात मिळतो. शनिवारी बंद पडलेला कॉम्प्युटर शनिवारीच सुरू होऊ शकतो.

पण खराब झालेल्या एसएमपीएसच्या वॉरंटीचं काय? इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. असेंबल कॉम्प्युटरला एक अशी वॉरंटी नसते. प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते आणि ती त्या पार्टच्या कंपनीची असते. बॉक्समध्ये येणाऱ्या इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, मदरबोर्डलाही बहुतेक वेळा तीन वर्षं, एसएसडीला तीन ते पाच वर्षं मिळतात. एसएमपीएसमध्ये मात्र मोठा फरक असतो. काही स्वस्त डब्यांना जेमतेम एक-दोन वर्षं असतात, चांगल्यांना पाच किंवा त्याहूनही जास्त.

खराब पार्ट डीलर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो. ते सेंटर बऱ्याचदा कोल्हापूर, पुणे अशा मोठ्या शहरात असतं. पार्ट परत यायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. तोपर्यंत काम कसं चालणार, हा खरा प्रश्न आहे. म्हणून कॉम्प्युटर घेण्याआधीच डीलरला एक गोष्ट विचारायची, "पार्ट वॉरंटीत गेला तर स्टँडबाय देणार का?" चांगला डीलर देतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडची तीन वर्षांची वॉरंटी कागदावर तीन वर्षांची असली तरी प्रत्येक बिघाडाला दुकान बंद ठेवायची वेळ येऊ शकते.

आता ब्रँडेड कॉम्प्युटर

इथे दुकानदार डीलरला नाही, कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करतो. कॅबिनेटवरचा सिरियल नंबर सांगतो. फोनवरचा माणूस दोन-चार चाचण्या करायला लावतो, मग तक्रार नोंदवतो.

पुढे काय होतं ते वॉरंटीच्या एका शब्दावर ठरतं. वॉरंटी 'ऑनसाइट' असेल तर इंजिनिअर पार्ट घेऊन दुकानात येतो. 'कॅरी-इन' असेल तर कॅबिनेट आपण सर्व्हिस सेंटरला घेऊन जायचं. ऑनसाइटमध्येसुद्धा 'पुढच्या कामाच्या दिवशी' असं लिहिलेलं असतं. शनिवारी संध्याकाळी केलेल्या तक्रारीचा तो दिवस सोमवारी किंवा त्यानंतर येतो. शिवाय ही मुदत पिनकोडवर अवलंबून असते. पुण्यात जे एका दिवसात होतं, ते तालुक्याच्या गावी दोन-तीन दिवसांवर जाऊ शकतं.

फायदा असा की जबाबदारी एकाच कंपनीची असते. एसएमपीएस गेला, मदरबोर्ड गेला की आणखी काही, हे शोधायचं काम त्यांचं. इथे 'हा दोष आमच्या पार्टचा नाही, दुसऱ्याच्या पार्टचा आहे' असं कोणी म्हणू शकत नाही.

पण वॉरंटी संपल्यावर चित्र बदलतं. अनेक ब्रँडेड डेस्कटॉपमधला एसएमपीएस एटीएक्स मापाचा नसतो. डबा लहान किंवा लांबट असतो, कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो, काहींमध्ये तर तो फक्त १२ व्होल्ट देतो आणि बाकीचे व्होल्टेज मदरबोर्ड तयार करतो. गावातल्या दुकानातला एसएमपीएस त्यात बसतच नाही. मग कंपनीकडून पार्ट मागवायचा किंवा जुन्या मशीनमधला शोधायचा.

म्हणजे ब्रँडेड कॉम्प्युटर वॉरंटी असेपर्यंत निर्धास्त आणि नंतर अवघड. असेंबल कॉम्प्युटर डीलर चांगला असेल तर पहिल्या दिवशी जितका सोपा, तितकाच पाचव्या वर्षीही सोपा.

म्हणूनच ब्रँडेड घेताना वर्षं मोजावीत. घरगुती मॉडेलला बऱ्याचदा एकच वर्ष मिळतं, ऑफिससाठीच्या मॉडेलला तीन वर्षं ऑनसाइट मिळू शकतात. वाढीव वॉरंटी विकत घ्यायची असेल तर साधारणपणे मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते. पैसे देण्याआधी कॅबिनेटवरचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघावा. वॉरंटी कोणती आहे आणि कधी सुरू झाली, हे तिथे दिसतं. माल गोदामात सहा महिने पडून असेल तर सुरुवातीची तारीख मागची दिसू शकते. बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते, पण ते पहिल्याच आठवड्यात करावं.

पुढे वाढवायचा असेल तर?

आता दुसरं उदाहरण. राजारामनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या मुलीसाठी घरचे कॉम्प्युटर घेतायत. आज कोडिंग आणि साधं ड्रॉइंग आहे, तिसऱ्या वर्षी थ्रीडी डिझाइन येणार, म्हणजे ग्राफिक्स कार्ड लागणार.

रॅम आणि एसएसडी वाढवणं दोन्हीकडे सहसा जमतं. मदरबोर्डवर रिकामी जागा आहे का आणि रॅम डीडीआर४ लागते की डीडीआर५, एवढंच बघायचं, कारण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बऱ्याच ब्रँड कंपन्या रॅम वाढवल्याने वॉरंटी रद्द करत नाहीत, मात्र लावताना काही तुटलं तर ते वॉरंटीत येत नाही.

अडतं ते ग्राफिक्स कार्डपाशी. छोट्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये १८० वॉटचा एसएमपीएस असणं नेहमीचं आहे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॉटमध्ये चालतं, त्याला वेगळी वायर लागत नाही. ते बारीक उंचीच्या प्रकारात मिळालं आणि एसएमपीएसमध्ये तेवढी ताकद उरत असेल तर छोट्या कॅबिनेटमध्येही जमू शकतं. पण आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, वेगळी वायर लागते आणि कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. त्या छोट्या मशीनमध्ये हे होणार नाही. एसएमपीएस बदलावा म्हटलं तर तो कंपनीच्या मापाचा. म्हणजे कार्डासाठी अख्खा कॉम्प्युटर बदलावा लागतो.

असेंबल करताना हा विचार पहिल्या दिवशी करता येतो. कार्ड आज घ्यायचं नाही, पण एसएमपीएस ५५० वॉटचा आणि कॅबिनेट मोठं घ्यायचं. दोन वर्षांनी फक्त कार्ड लावायचं.

असेंबलमध्ये फसगत कुठे होते?

कोटेशनवर 'आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी' एवढंच लिहिलेलं असेल तर सावध व्हावं. पंधरा वर्षांपूर्वीचाही आय५ असतो आणि आत्ताचाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्यावा. तो बॉक्समधला आहे की सुटा, हेही विचारावं. सुट्या प्रोसेसरला कंपनीची वॉरंटी सहसा ग्राहकाला मिळत नाही, डीलर देईल तीच.

दुसरी जागा म्हणजे विंडोज. ब्रँडेड कॉम्प्युटर विंडोजसह घेतला तर त्याचं लायसन्स किमतीत धरलेलं असतं. असेंबलच्या कोटेशनमध्ये ते बऱ्याचदा नसतं आणि डीलर 'टाकून देतो' म्हणतो. दोन्ही किमतींची तुलना करताना लायसन्सचे पैसे असेंबलमध्ये मिळवूनच करावी. कॉम्प्युटर हातात आल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ टाइप करून बघा:

```
slmgr /xpr
```

घरगुती कॉम्प्युटरवर अॅक्टिव्हेशन अमुक तारखेला संपेल असं उत्तर आलं, तर ते तुमच्या नावावर घेतलेलं रीतसर लायसन्स नाही असं समजायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट बिलाची. 'बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त पडेल' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण असेंबल कॉम्प्युटरची वॉरंटी त्या बिलावरच उभी असते. प्रत्येक पार्टचं मॉडेल आणि सिरियल नंबर बिलावर हवा. उद्या डीलरने दुकान बंद केलं तरी ते बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला थेट जाता येतं. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.

मग काय घ्यावं?

झेरॉक्सच्या दुकानाचं काम चार-पाच वर्षं तेच राहणार आहे. तिथे कार्ड लावायचं नाही, गेम खेळायचे नाहीत. अशा ठिकाणी तीन वर्षं ऑनसाइट वॉरंटीचा ब्रँडेड कॉम्प्युटर बरा. वॉरंटी एकच वर्षाची असेल आणि गावात स्टँडबाय देणारा डीलर असेल, तर मात्र असेंबलचं पारडं जड होतं. इंजिनिअरिंगच्या मुलीचं काम दरवर्षी वाढणार, तिच्यासाठी असेंबल.

एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. लाइट येताना आलेल्या जास्त दाबाने पार्ट जळाला, बोर्डावर काळा डाग दिसला, तर कंपनी साधारणपणे वॉरंटी नाकारते, मग कॉम्प्युटर ब्रँडेड असो की असेंबल. म्हणून कॉम्प्युटर आणायच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं आणि बजेटमध्ये यूपीएस धरावा.