सोळा वर्षांच्या पोराचे चेंडू कोण मोजतं?

उन्हाळी शिबिरं संपत आली की खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओकडे एक ठरावीक पेशंट दिसू लागतो. वय पंधरा-सोळा, शिडशिडीत, उंची वर्षभरात भसकन वाढलेली, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा. कंबरेच्या डाव्या बाजूला दुखतं, मागे वाकलं की जास्तच. घरी बाम चोळून झालेला असतो. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, म्हणून ‘उसण भरली असेल’ असं ठरवून तो मध्यंतरी आणखी दोन सामने खेळलेलाही असतो. मग कोणीतरी एमआरआय काढायला सांगतं आणि कंबरेच्या शेवटच्या मणक्यांपैकी एकात स्ट्रेस फ्रॅक्चर सापडतं.

हे दुखणं तिथेच का होतं, हे आधी पाहू. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर आपटतो तेव्हा जमिनीकडून येणारा धक्का त्याच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही मोठा असतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळवटलेली असते. मणक्याच्या मागच्या बाजूला ‘पार्स’ नावाचा हाडाचा अरुंद पूल असतो. हा सगळा ताण त्याच्यावर येतो आणि गोलंदाजीच्या हाताच्या उलट बाजूला तो जास्त असतो. म्हणून उजव्या हाताच्या गोलंदाजाची डावी बाजू दुखते. एका चेंडूने काही होत नाही. हाडाला रोज बारीक इजा होते आणि रोज ते स्वतःला दुरुस्तही करतं. दुरुस्तीपेक्षा इजा पुढे गेली की भेग पडते. त्यातून कंबरेची ही हाडं पूर्ण घट्ट व्हायला विशीची सुरुवात उजाडते. म्हणजे सोळाव्या वर्षी पोराचा वेग मोठ्या माणसाचा असू शकतो, हाड मात्र अजून तयार व्हायचं असतं. जसप्रीत बुमराला २०१९मध्ये कंबरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे बाहेर बसावं लागलं. २०२२चा टी-ट्वेंटी विश्वचषकही पाठीमुळेच हुकला आणि पुढच्या वर्षी त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या मागे डॉक्टर, फिजिओ, ट्रेनर अशी फौज असते. आपल्या पोरामागे सहसा कुणीच नसतं.

आता त्या पोराची वही उघडू. हा मुलगा कल्पित आहे, पण त्याचं वेळापत्रक कुठल्याही मैदानावर सापडेल. परीक्षेआधी तो आठवड्याला साधारण १४० चेंडू टाकत होता. परीक्षा आली, दोन आठवडे चेंडूला हात लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात गच्चीत, गल्लीत मिळून ३०. मग सुट्टी लागली. सोमवार, बुधवार, शुक्रवारी शिबिराच्या नेट्समध्ये ४०-४० चेंडू. मंगळवारी शाळेचा सामना, ८ षटकं. गुरुवारी क्लबचा सामना, ७ षटकं. रविवारी वयोगटाच्या संघाची निवड चाचणी, तिथे १० षटकं. बेरीज केली तर १२०, ४८, ४२ आणि ६० मिळून २७० चेंडू.

यात चूक कोणाची? शिबिराच्या सरांनी एका दिवसात ४० चेंडू टाकायला लावले, ते काही जास्त नाहीत. शाळेच्या सरांनी ८ षटकं दिली, क्लबच्या कप्तानाने ७. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाच केला. फक्त बेरीज कोणीच केली नाही. आधीच्या चार आठवड्यांची सरासरी काढली तर १४०, शून्य, शून्य आणि ३० यांचे आठवड्याला जेमतेम ४२ चेंडू होतात. त्या शरीरावर एकदम २७०, म्हणजे सवयीच्या सहापटीहून जास्त भार पडला. इंग्लंडसारख्या देशात एका स्पेलची आणि दिवसाची षटकं वयानुसार बांधून दिलेली आहेत, ते चांगलंच आहे. पण तीन वेगळ्या संघांसाठी तीन वेगळ्या दिवशी टाकलेले चेंडू तशा नियमालाही दिसत नाहीत.

ही बेरीज करणारा माणूस म्हणजे स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच. संघात त्याला सगळे ‘ट्रेनर’च म्हणतात. खेळाची आवड आहे पण स्वतः रणजीपर्यंत जाणं जमणार नाही, असं कळून चुकलेल्या मुला-मुलींना या कामाची माहिती अर्धवट असते. वजनं उचलून घेणारा, शिट्टी मारून पळवणारा असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. तेही काम आहेच. पण दिवसाची सुरुवात होते ती प्रश्नांनी. झोप कशी झाली, अंग किती दुखतंय, थकवा किती, मूड कसा आहे, याला प्रत्येक खेळाडूने एक ते पाचमध्ये गुण द्यायचे. मग जागच्या जागी दोन-तीन उड्या मारायला लावून उंची मोजायची. नेहमीपेक्षा ती बरीच घटली असेल तर पाय अजून कालच्या सामन्यातून बाहेर आलेले नाहीत. नेट्समध्ये प्रत्येक गोलंदाजाचे चेंडू मोजायचे, यात पूर्ण जोर लावून टाकलेले वेगळे. सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचं, ‘आजचं सत्र दहापैकी किती जड गेलं?’ तो म्हणाला सहा आणि सत्र ९० मिनिटांचं होतं, तर त्या दिवसाचा भार ५४०. कार्ल फॉस्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाची ही पद्धत इतकी साधी आहे की नवखी मुलं तिच्यावर विश्वासच ठेवत नाहीत. महागड्या जीपीएस जॅकेटशिवाय चालते, हा तिचा खरा गुण.

आकड्यांच्या मर्यादाही इथेच समजून घ्यायला हव्यात. चालू आठवड्याचा भार भागिले आधीच्या आठवड्यांची सरासरी, हे गुणोत्तर टिम गॅबेट यांनी लोकप्रिय केलं. मग त्यावर भरपूर टीकाही झाली, कारण अमुक आकड्यापलीकडे गेलं की दुखापत होणारच, असं त्यातून सांगता येत नाही. सहापट भार झेलूनही एखादा पोरगा टुणटुणीत राहतो. गुणोत्तर धोका दाखवतं, भविष्य नाही. दुसरी गोम वेळेची. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन ऑर्चर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एका सामन्यात ५०हून जास्त षटकं टाकणाऱ्या वेगवान गोलंदाजांना पुढच्या तीन आठवड्यांत दुखापतीचा धोका वाढतो. म्हणजे दुखणं उशिरा येतं. कंबर धरते तेव्हा तो आठवडा कोणाच्या लक्षातही नसतो. सगळे कालच्या चेंडूला दोष देतात. म्हणून वही लागते.

आपल्या पोराबाबत ट्रेनरने काय केलं असतं? परीक्षेच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा, अभ्यासातून अर्धा तास काढून, २५-२५ चेंडू टाकायला लावले असते. तेवढ्याने हाडाची सवय मोडत नाही. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात निवड चाचणी टाळता येणार नाही, हे धरून चाललं असतं. ते ६० चेंडू राखून ठेवायचे, क्लबच्या सामन्यातले ४२ धरायचे. शाळेच्या सामन्यात त्याने फलंदाज म्हणून खेळायचं आणि शिबिरात फक्त क्षेत्ररक्षण आणि व्यायाम करायचा. एकूण १०२ चेंडू. पुढच्या आठवड्यात १३०, मग १६०. गणित तिसरीतलं आहे. अवघड भाग पुढे असतो. शाळेच्या सरांना त्यांचा मुख्य गोलंदाज हवा असतो, बाबांनी शिबिराची फी भरलेली असते आणि पोरगा ‘काही दुखत नाही’ असं धडधडीत खोटं बोलतो, कारण दुखतं म्हटलं तर नाव कटेल. ट्रेनरला ही तिन्ही माणसं सांभाळता आली नाहीत तर त्याची वही रद्दीत जाते.

आणि इथे प्रत्येकाची हद्द ठरलेली असते. फ्रॅक्चरचं निदान डॉक्टरचं, त्यातून बाहेर काढणं फिजिओचं. तीन-चार महिने, कधी जास्तच, गोलंदाजी पूर्ण बंद राहते. मग चार पावलांच्या रन-अपने, अर्ध्या जोराने, दिवसाआड थोडेसे चेंडू, असं करत पूर्ण स्पेलपर्यंत चढायचं. हा जिना फिजिओ आणि ट्रेनर मिळून बांधतात. कंबर कुठे फार झुकते, खांदे आणि नितंब उलट दिशांना वळतात का, हे स्लो-मोशन व्हिडिओत पाहून ॲक्शन सुधारणं हे गोलंदाजी प्रशिक्षकाचं काम. ट्रेनरनेच ॲक्शन बदलायला घेतली की गोंधळ झालाच म्हणून समजा.

या तीन हद्दींचे रस्तेही वेगळे आहेत. फिजिओ व्हायचं तर बारावी सायन्सला जीवशास्त्र हवं, मग बीपीटी आणि पुढे स्पोर्ट्समध्ये एमपीटी. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा, ज्याला मैदानावर सगळे ‘एनआयएस केलंय’ म्हणतात. क्रिकेटसाठी बोर्डाच्या लेव्हल परीक्षाही असतात. तिथे स्वतः कोणत्या पातळीवर खेळलात याला वजन असतं. ट्रेनरला मात्र मोठा खेळाडू असावं लागत नाही. शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञानाची पदवी, त्यावर अमेरिकेच्या एनएससीए संस्थेची सीएससीएस परीक्षा किंवा ऑस्ट्रेलियाच्या एएससीएची लेव्हल वन, असा साधारण क्रम. सीएससीएससाठी पदवी आणि सीपीआरचं प्रमाणपत्र दोन्ही लागतात. महाराष्ट्रात पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय आणि अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही शारीरिक शिक्षणाची जुनी ठिकाणं, बाहेर ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई संस्थान. बीपीएड करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ती पदवी मुख्यतः शाळेतल्या क्रीडा शिक्षकासाठी आहे. नुसत्या तिच्यावर संघ ट्रेनर म्हणून घेईलच असं नाही.

पोटापाण्याचं काय, तेही बोलायला हवं. राज्य संघटनेचं किंवा क्लबचं काम बहुतेकदा हंगामापुरत्या कराराचं असतं. पावसाळ्यात पैसे थांबतात. म्हणून बरेच तरुण ट्रेनर सकाळ-संध्याकाळ जिममध्ये उभे राहतात, जिथे पगार थोडा आणि पर्सनल ट्रेनिंगमधला वाटा जास्त असतो. जिमचा अनुभव वाया जात नाही. वेगवेगळ्या शरीरांना हात लागतो, चूक डोळ्यांना दिसायला लागते. पण तिथे पावडरचे डबे विकण्याचं टार्गेटही गळ्यात पडतं आणि ते खेळाडूच्या बाबतीत महागात पडू शकतं. डब्यात भेसळ असली तरी उत्तेजक चाचणीत जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. आणि उत्तेजक देणाऱ्या, लपवणाऱ्या ट्रेनरवरही बंदी येते, कारण ‘नाडा’चे नियम खेळाडूइतकेच त्याच्या भोवतीच्या माणसांनाही लागू आहेत. सोळा वर्षांच्या गोलंदाजाला वरण-भात, अंडी, दूध आणि नऊ तास झोप सांगणाऱ्या ट्रेनरला कमिशन मिळत नाही. पुढच्या हंगामात करार वाढवताना संघटना मात्र त्याच्याकडचे किती गोलंदाज मे अखेरीस उभे होते, हे विचारते.